टक्क्यांची बेरीज ९७.१ येते: उरलेले २.९ गेले कुठे?

मार्च लागला की विश्रामबागेतल्या माझ्या टायपिंगच्या टेबलाशी प्रकल्प अहवालांची रांग लागते. बी.कॉम., एम.एस.डब्ल्यू., शेतीची पदविका, सगळे एकाच आठवड्यात. आणि दर दोन-तीन अहवालांमागे एक तक्ता असा येतो की टक्क्यांची बेरीज शंभर होत नाही. पोरांचं म्हणणं ठरलेलं असतं: "ताई, तेवढं शंभर करून द्या की." शंभर करून देणं अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पण तूट कशामुळे आली हे न बघता ती भरली, तर चुकीचा तक्ता अगदी बरोबर दिसायला लागतो. यंदा तसं होता होता राहिलं, म्हणून तो तक्ता इथे सविस्तर मांडतेय. आकडे मी बदलले आहेत, पण घोळ जसाच्या तसा आहे.

तासगाव आणि कवठेमहांकाळकडच्या द्राक्ष बागायतदारांची पाहणी होती. २४७ फॉर्म भरून आले होते. प्रश्न होता, बागेला मुख्य पाणी कुठून येतं. अहवाल घेऊन आलेल्या मुलाने पीडीएफमधून तक्ता उचलून शीटमध्ये चिकटवला होता आणि त्यात फक्त टक्के होते. माणसांची संख्या असलेला रकाना "जागा खातो" म्हणून आधीच काढून टाकलेला.

| पाण्याचा मुख्य स्रोत | टक्के |
|---|---|
| विहीर | ३४.६ |
| बोअर | २५.४ |
| उपसा सिंचन योजना (ताकारी, म्हैसाळ) | २१.७ |
| शेततळे | १२.१ |
| टँकर | ३.३ |

शीट खाली बेरीज दाखवत होतं ७५.४. मुलाच्या मोबाइलवर, एकेक आकडा दाबून, येत होती ९७.१. म्हणजे दोन तक्रारी होत्या आणि त्या वेगवेगळ्या होत्या. आधी ७५.४ ची मिटवू, कारण ती तक्त्याची नाही, चिकटवण्याची आहे.

बेरजेचं सूत्र फक्त अंक मोजतं. एखाद्या घरात अंकासारखा दिसणारा मजकूर असेल तर ते काही न बोलता त्याला वगळतं, चूकही दाखवत नाही. म्हणून बेरीज बघायच्या आधी किती घरं खरोखर अंक आहेत ते विचारायचं:

```
=COUNT(B2:B6)
=COUNTA(B2:B6)
```

पहिलं सूत्र अंक असलेली घरं मोजतं, दुसरं भरलेली घरं. इथे पहिल्याचं उत्तर ४ आणि दुसऱ्याचं ५ आलं. एक घर खोटं होतं. ९७.१ वजा ७५.४ म्हणजे २१.७, आणि ही नेमकी तिसऱ्या ओळीची किंमत. दोन बेरजांतला फरक असा हुबेहूब एखाद्या ओळीइतका निघाला तर ती ओळ मोजलीच गेलेली नाही असं धरायला हरकत नाही. डोळ्यांनाही खूण दिसते: अंक घराच्या उजव्या कडेला चिकटतो, मजकूर डावीकडे. पण कुणी आधीच सगळा रकाना मध्यभागी आणून ठेवला असेल तर ती खूण जाते, आणि अहवालांत सगळे तेच करतात.

त्या घरात २१.७ च्या मागे एक न दिसणारी मोकळी जागा होती. नेहमीच्या स्पेससारखी दिसते, पण तिचा क्रमांक १६० असतो आणि साध्या TRIM ने ती जात नाही. ती अशी काढायची:

```
=VALUE(TRIM(SUBSTITUTE(B4,CHAR(160),"")))
```

कधी मागे स्पेस असते, कधी दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम बसलेला असतो, कधी स्कॅनमधून शून्याच्या जागी इंग्रजी ओ आलेला असतो. देवनागरी अंक चिकटवले असतील तर तेही मोजले जातील याचा भरवसा धरू नका. मी इथे लिहिताना देवनागरी अंक वापरतेय, शीटमध्ये मात्र इंग्रजीच टाका. दोन्ही COUNT जुळेपर्यंत पुढे जाऊ नये, एवढा नियम मी पाळते.

आता शीटही ९७.१ म्हणू लागलं. तूट २.९.

"राउंडिंगमुळे असेल," असं मुलगा म्हणाला. हे वाक्य मी वर्षाला पन्नास वेळा ऐकत असेन. राउंडिंगने फरक पडतो हे खरं, पण तो किती पडू शकतो याला मर्यादा असते, आणि ती काढायला कागदसुद्धा लागत नाही. टक्के एका दशांशापर्यंत लिहिले असतील तर प्रत्येक ओळीत जास्तीत जास्त ०.०५ इतकी खोट किंवा वाढ होते, कारण त्याहून जास्त फरक असता तर आकडा शेजारच्या दशांशावर गेला असता. पाच ओळी असतील तर सगळ्या एकाच दिशेने चुकल्या तरी ०.२५. प्रत्यक्षात काही वर जातात, काही खाली, त्यामुळे बहुतेक वेळा ९९.९, १०० किंवा १००.१ यांतलंच काहीतरी येतं. २.९ ही त्या मर्यादेच्या अकरापटीहून जास्त आहे. राउंडिंग इथे निर्दोष आहे.

तक्ता दशांशाशिवाय, पूर्ण टक्क्यांत असता तर हिशेब बदलला असता. तिथे ओळीमागे अर्धा टक्का सुटतो. बारा ओळींच्या तक्त्यात बेरीज ९८ आली तर मी लगेच शंका घेणार नाही. म्हणून "दोन टक्के फरक चालतो का" या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. ओळी किती आणि दशांश किती ते आधी सांगा.

राउंडिंग सुटल्यावर दोन संशयित उरतात. एकतर एखादी ओळच गायब आहे, किंवा टक्के काढताना खाली भागायला घेतलेली संख्या, म्हणजे बेस, चुकीची आहे. अहवालाच्या मजकुरात एक वाक्य होतं: एकूण २४७ फॉर्म आले, पैकी या प्रश्नाला २४० जणांनी उत्तर दिलं. सात जणांनी घर कोरं सोडलं होतं. मुलाने ते वाचलं आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. सात कोरे फॉर्म, म्हणजे जवळपास तीन टक्के, म्हणजे हीच ती तूट! त्याने माझ्यासमोर सहावी ओळ टाकली, "उत्तर नाही, २.९", आणि बेरीज झाली बरोबर १००.० . चहा मागवायला निघाला.

मी थांबवलं, ते एका दशांशासाठी. सात भागिले २४७ म्हणजे २.८३, लिहिताना २.८. तो २.९ कुठून आला? शंभर वजा ९७.१ करून. म्हणजे आकडा पाहणीतून आला नव्हता, खड्ड्याच्या मापाचा दगड आणून बसवला होता. ०.१ चा फरक राउंडिंगचाही असू शकतो, म्हणून तेवढ्यावर मी त्याला खोटं ठरवलं नाही. पण मग मुद्दा हा की आहेत त्या पाच ओळी कोणत्या बेसवर काढल्या आहेत? कोरे फॉर्म धरून २४७ वर, की उत्तरं दिलेल्या २४० वर? "उत्तर नाही" ही ओळ तक्त्यात बसायची असेल तर बाकीच्या ओळी २४७ वरच असायला हव्यात. एकाच तक्त्यात दोन बेस नांदत नाहीत.

संख्यांचा रकाना असता तर एक भागाकार पुरला असता. तो नव्हता. पण बेस लहान असला की टक्केच आपला बेस बोलून दाखवतात. माणसं पूर्ण असतात, साडेत्र्याऐंशी बागायतदार नसतात. त्यामुळे २४७ माणसांतून टक्क्यांचे काही ठरावीक आकडेच निघू शकतात. ८५ माणसं म्हणजे ३४.४, ८६ माणसं म्हणजे ३४.८. मधलं ३४.६ निघायला जागाच नाही! विहिरीची पहिलीच ओळ २४७ वर अशक्य ठरली.

हेच सगळ्या ओळींना एकदम लावायचं असेल तर E1 मध्ये संशयित बेस लिहा आणि शेजारच्या रकान्यात हे सूत्र ओढा:

```
=ROUND(ROUND(B2*$E$1/100,0)/$E$1*100,1)=B2
```

सूत्र काय करतं ते साध्या भाषेत असं: टक्क्यावरून जवळात जवळची पूर्ण माणसं काढतं, त्या माणसांवरून पुन्हा टक्के काढतं, आणि मूळ आकडा परत मिळतो का ते बघतं. मिळाला तर TRUE, नाहीतर FALSE. E1 मध्ये 247 टाकल्यावर पाचपैकी चार ओळी FALSE झाल्या. फक्त शेततळ्याची १२.१ वाचली, कारण ३० माणसांचे टक्के योगायोगाने तेवढेच येतात. 240 टाकल्यावर पाचही TRUE: ८३, ६१, ५२, २९ आणि ८ माणसं. गंमत म्हणून शेजारचे 239 आणि 241 टाकून पाहिले, ते दोन्ही विहिरीच्याच ओळीत नापास झाले.

म्हणजे टक्के २४० वर काढलेले होते. कोरे सात फॉर्म आधीच बाहेर ठेवलेले होते आणि त्यांना पुन्हा ओळ देणं चूक होतं. आता माणसांची बेरीज केली: ८३ अधिक ६१ अधिक ५२ अधिक २९ अधिक ८, एकूण २३३. उत्तरं २४० आणि तक्त्यात माणसं २३३. उत्तर दिलेली सात माणसं तक्त्यातून पडली होती. सात भागिले २४० म्हणजे २.९१७, लिहिताना २.९. दशांशासकट जुळलं.

मूळ पीडीएफ उघडल्यावर ती माणसं सापडली. तक्ता पानाच्या तळाशी फुटला होता. पुढच्या पानावर शीर्षकाची ओळ पुन्हा छापलेली आणि तिच्याखाली एकच ओळ: "इतर, २.९". मुलाने पहिल्या पानावरचा तक्ता निवडून कॉपी केला, दुसऱ्या पानावर बघितलंच नाही. शेवटची ओळ गळण्याचं हे माझ्याकडचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे, आणि शेवटची ओळ बहुतेक वेळा "इतर" किंवा "सांगता येत नाही" हीच असते, त्यामुळे कुणाला तिची उणीव भासत नाही. त्याखालोखाल फिल्टर लावून ठेवलेलं शीट, ज्यात एक गट लपलेला असतो.

या प्रकरणात सात आणि सात असा योगायोग होता, म्हणून ते फसवं. सात जण कोरे, सात जण "इतर". समजा "इतर" ची ओळ जागेवर असती आणि मुलाने सहाही ओळी चुकून २४७ वर काढल्या असत्या, तर आकडे आले असते ३३.६, २४.७, २१.१, ११.७, ३.२, २.८. करा बेरीज. ९७.१ च येते! लक्षण एकच, आजार दोन, आणि औषध एकमेकांच्या उलट. पहिल्यात हरवलेली ओळ परत आणायची, दुसऱ्यात कोऱ्या फॉर्मांची ओळ टाकायची किंवा सगळे टक्के २४० वर नव्याने काढायचे. तुटीच्या मापावरून यांतला कोणता आजार ते कळत नाही. बेस तपासल्यावरच कळतं.

सूत्राच्या मर्यादाही सांगते, नाहीतर कुणी जिल्ह्याच्या आकडेवारीला लावेल. एका दशांशाच्या टक्क्यांना ही चाचणी बेस एक हजाराच्या आत असेल तरच काही सांगते, आणि पाच-सहाशेच्या पुढे तीही थकते. एक हजाराच्या वर एका माणसाचं वजन ०.१ टक्क्यापेक्षा कमी होतं, मग कुठलाही टक्का कुठल्यातरी पूर्ण संख्येतून निघतोच आणि सगळीकडे TRUE दिसतं. टक्के दशांशाशिवाय असतील तर हीच हद्द शंभरावर येते. शिवाय TRUE म्हणजे "हा बेस शक्य आहे" एवढंच. FALSE मात्र पक्कं असतं, अर्थात आकडा टाइप करताना चुकला नसेल तर.

त्याच अहवालात वयाचा तक्ता होता. हा २४७ वर, कारण वय सगळ्यांनी लिहिलं होतं: तीस व त्याखालील ३९, एकतीस ते पंचेचाळीस ९२, सेहेचाळीस ते साठ ७०, त्यापुढचे ४६. टक्के १५.८, ३७.२, २८.३, १८.६. बेरीज ९९.९. चार ओळींची मर्यादा ०.२, तूट ०.१, माणसांची बेरीज पुरी २४७. इथे राउंडिंगच दोषी आहे आणि तक्ता ठीक आहे. पण मुलाचं म्हणणं, "घरी माझ्या शीटमध्ये शंभरच येत होतं." येणारच. तिथे घरात ३७.२४६९६ असा पूर्ण आकडा होता, दिसत होता ३७.२, आणि बेरीज पूर्ण आकड्यांची होत होती. पीडीएफमध्ये छापून पुन्हा उचलल्यावर फक्त दिसणारा आकडा हाती येतो, मागचे दशांश गेलेले असतात. दोन्ही बेरजा आपापल्या जागी खऱ्या आहेत.

त्याने पहिल्या प्रतीत शेवटची ओळ १८.७ करून शंभर जमवलेही होते. वरचं सूत्र 247 घालून त्या ओळीवर लावलं तर FALSE येतं: ४६ माणसांचे १८.६ होतात, ४७ चे १९.०. शेवटच्या ओळीत "शंभर वजा बाकीचं" असं करण्याची सवय अशी उघडी पडते. मार्गदर्शकांनी शंभरचाच हट्ट धरला तर वाढवायची ती शेवटची ओळ नव्हे. राउंडिंगमध्ये जिचं सगळ्यात जास्त कापलं गेलं ती ओळ वाढवावी. इथे ती ९२ जणांची, ३७.२४७ वरून ३७.२ झालेली, तिला ३७.३ करायचं आणि खाली तसं लिहायचं. मला स्वतःला ९९.९ तसंच ठेवून टीप देणं जास्त बरं वाटतं. सरकारी अहवालांतसुद्धा तक्त्याखाली अशी टीप असते, मग आपल्याला लाज कसली?

तिसरा तक्ता बघून मुलगा पार घाबरला होता, त्याची बेरीज १८६.१ होती. प्रश्न होता, बागेवर रोग दिसला की सल्ला कुणाचा घेता. कृषी सेवा केंद्राचा दुकानदार ६९.२, शेजारचे बागायतदार ५३.४, मोबाइलवरचे गट ४३.७, कृषी सहायक १९.८. इथे बिघाड काहीच नाही. एकेकाने दोन-दोन खुणा केल्या आहेत, बेस माणसांचा आहे आणि मोजल्या आहेत खुणा. १८६ टक्के याचा अर्थ माणशी सरासरी १.८६ उत्तरं, आणि ही माहिती कामाची आहे. अशा तक्त्याखाली "एकूण" ची ओळच ठेवू नये. एकदा एकाने असा तक्ता ४६० खुणांचा बेस धरून शंभरावर आणला होता. दुकानदाराचे ६९ चे ३७ झाले, आणि खाली निष्कर्षात लिहिलं होतं की फक्त ३७ टक्के बागायतदार दुकानदाराला विचारतात. तासगावच्या कुठल्याही शेतकऱ्याने ते वाचून हसूच केलं असतं.

शेवटी पाण्याच्या तक्त्यात मी संख्यांचा रकाना परत घातला, "इतर" ची ओळ जागेवर आणली आणि तक्ता एका पानावर बसवला. तिन्ही तक्त्यांखाली अशा टिपा गेल्या:

पाणी: "टक्के या प्रश्नाला उत्तर दिलेल्या २४० बागायतदारांवर. ७ जणांनी उत्तर दिले नाही."

वय: "एकूण २४७. पूर्णांकनामुळे बेरीज ९९.९ येते."

सल्ला: "एकूण २४७. एकापेक्षा जास्त उत्तरे दिल्याने टक्क्यांची बेरीज १०० पेक्षा अधिक."

संख्यांच्या रकान्याने जागा खाल्ली, हे खरं. अक्षर अर्ध्या पॉइंटने लहान केलं आणि बसला.